‘स्वभाव हट्टी’ असं रिव्ह्यूमध्ये लिहिण्याआधी रजिस्टर उघडा

प्रश्न: मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्चार्ज आहे. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीन करतो. यंदा मालक म्हणाले, रिव्ह्यू तोंडी नको, लेखी द्या आणि सही घ्या. पहिल्या शिफ्टच्या इन्स्पेक्टर बैलहोंगलकडच्या आहेत, कन्नड बोलतात, शॉपमध्ये सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्यासाठी मी असं लिहिलंय: “काम ठीक आहे पण अजून इन्व्हॉल्व्हमेंट हवी. क्वालिटीचे प्रॉब्लेम यंदा वाढले. स्वभाव जरा हट्टी, प्रॉडक्शनशी जुळवून घेत नाहीत. टीममध्ये मिसळत नाहीत. जास्त वेळ थांबायची तयारी नसते. बाई असून मशीनची माहिती चांगली आहे. पुढच्या वर्षी रिजेक्शन कमी करावं आणि कम्युनिकेशन सुधारावं. रेटिंग 5 पैकी 3.” सोबत दोन्ही वर्षांचं कम्प्लेंट रजिस्टर, होल्ड रजिस्टर आणि दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरचा रिव्ह्यू पाठवतोय. तो आमच्याच येळ्ळूरचा आहे, त्याला 4 दिलेत. देण्याआधी यात काय बदलू?

उत्तर:

तुमचा मजकूर मी आधी माझ्या एका कन्नड सहकाऱ्यापुढे ठेवला आणि म्हटलं, हे जसंच्या तसं कन्नडमध्ये करून दे. दुसऱ्याच वाक्याला तो थांबला. “याव प्रॉब्लेम? यावाग?” कोणता प्रॉब्लेम आणि कधीचा? ‘इन्व्हॉल्व्हमेंट’ त्याने तसंच ठेवलं, कारण त्याच्या जागी काय घालावं ते त्याला कळेना. ‘हट्टी’चं मात्र त्याने झटकन ‘हठमारी’ केलं, आणि तो शब्द मोठ्याने ऐकल्यावर मलाच कसंतरी झालं. चाळिशीतल्या, तुमचा माल पास-फेल करणाऱ्या बाईला आपण कागदावर हे म्हणतोय, हे मराठीत वाचताना जाणवलं नव्हतं.

आपल्या भागात ही तपासणी फुकटात होते, म्हणून मी ती नेहमी करतो. आपल्याच भाषेत लिहिलेलं मोघम वाक्य आपल्याला मोघम वाटत नाही, कारण त्यातल्या रिकाम्या जागा आपण मनातल्या मनात भरत असतो. भाषांतर करणाऱ्याला त्या भरता येत नाहीत, तो विचारतो. त्याने जिथे जिथे प्रश्न विचारला तिथे अक्काही अडणार, फक्त त्या तुमच्यासमोर विचारणार नाहीत. सही करतील आणि जातील.

आता वाक्यं एकेक घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, काहींना एक ओळ पुरते.

“क्वालिटीचे प्रॉब्लेम यंदा वाढले” इथून सुरू करतो, कारण हे एकच वाक्य असं आहे जे रजिस्टरशी ताडून बघता येतं. तुमच्या नोंदीत गेल्या वर्षी कस्टमरच्या 9 कम्प्लेंट होत्या, यंदा 11 आहेत. म्हणजे वाढल्या, हे खरं. पण गेल्या वर्षी तुमचा डिस्पॅच 38,000 नगांचा होता आणि यंदा 52,000 चा. दर दहा हजार नगांमागे बघितलं तर 2.4 वरून 2.1 वर आलंय. म्हणजे थोडं कमीच झालंय. इतक्या छोट्या आकड्यांवरून ‘सुधारलं’ असंही म्हणू नका, पण ‘वाढले’ हे नक्कीच टिकत नाही.

त्याहून महत्त्वाचं, या 11 कम्प्लेंट कशाच्या आहेत? मी त्या वेगळ्या केल्या. 5 लीकेजच्या आहेत, कस्टमरकडे प्रेशर टेस्टला बॉडी गळली. कारणाच्या रकान्यात तुम्हीच ‘ब्लो होल’ लिहिलंय. ब्लो होल म्हणजे ओतकामात कातडीखाली अडकलेला वायूचा पोकळ फुगा. तो वरून दिसत नाही, बोअर गेजला सापडत नाही. एक तर मशीनिंगमध्ये उघडा पडतो, नाही तर प्रेशरखाली गळतो. तुमच्याकडे लीक टेस्टची सोय नाही. मग या पाच कम्प्लेंट फाउंड्रीच्या आणि तुमच्या प्रोसेसच्या आहेत, हातात गेज घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या नाहीत. 2 गंजाच्या आहेत, त्या पॅकिंगच्या. 1 चुकीच्या लेबलची, ती स्टोअरची. उरल्या 3, बोअर साइजच्या. याच तेवढ्या फायनल इन्स्पेक्शनला पकडता आल्या असत्या.

त्या तिन्ही कम्प्लेंटच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही कोणाची आहे ते बघितलंत का? दोनवर दुसऱ्या शिफ्टची आहे आणि एकावर अक्कांची. म्हणजे ‘क्वालिटीचे प्रॉब्लेम वाढले’ असं ज्यांच्या रिव्ह्यूमध्ये आलं त्यांच्या नावावर वर्षात एक कम्प्लेंट आहे, आणि ज्याच्या नावावर दोन आहेत त्याच्या रिव्ह्यूमध्ये या विषयावर अक्षर नाही. एक आणि दोन यांच्यात तुलना करून त्याला वाईट ठरवायला मी सांगत नाहीये. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, दुसऱ्या शिफ्टला डिस्पॅचची घाईही जास्त असते. पण तुमची पेन कोणाच्या बाबतीत कुठे वळली ते इथे दिसतं.

असं का झालं असेल याचा एक साधा अंदाज रजिस्टरच देतं. 11 पैकी 4 कम्प्लेंट फेब्रुवारी-मार्चमधल्या आहेत आणि रिव्ह्यू तुम्ही मार्चअखेरीला लिहायला बसलात. त्या चारही लीकेजच्या. दोन महिने कस्टमरचे फोन घेऊन डोकं तापलेलं, तेव्हा ‘यंदा वाढले’ असंच वाटणार. वर्षाचा हिशोब शेवटच्या दोन महिन्यांवर होतो, हा रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचा सगळ्यात जुना रोग आहे. त्यावर मला एकच औषध लागू पडलेलं दिसलंय. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी प्रत्येक माणसामागे वहीत दोन ओळी लिहायच्या, तारीख आणि काय घडलं एवढंच. चांगलं-वाईट ठरवायचं नाही.

आता ती एक कम्प्लेंट. ती लपवायची नाही, उलट हाच तुमच्या रिव्ह्यूचा कणा आहे. 32 मिलिमीटरचा बोअर, टॉलरन्स एच7, म्हणजे शून्य ते अधिक 25 मायक्रॉन. डायल बोअर गेज स्वतः साइज मोजत नाही, सेटिंग रिंगवर शून्य लावून घेतल्यावर तो फक्त फरक दाखवतो. गेज टेबलावर जरा आपटला, अँव्हिल सैल झाला, की शून्य सरकतं. शून्य 10 मायक्रॉनने सरकलं तर 25 पैकी 10 तिथेच गेले. डायल हिरव्या पट्ट्यात दिसतो आणि नग अंडरसाइज असतो. तुमच्या करेक्टिव्ह ॲक्शनमध्ये लिहिलंय, ‘शिफ्टच्या सुरुवातीला गेज रिंगवर तपासला नव्हता’. ही खरी चूक आहे, तारखेसकट आहे, आणि ती अक्कांच्या हातातली आहे. तुमच्या पूर्ण रिव्ह्यूमध्ये तिचा उल्लेखच नाही. मोघम लिहिण्याचा हा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. त्याने माणसावर अन्याय होतो हे आपण म्हणतो, पण खरी चूकही त्याच धुक्यात सुटते.

आता ‘हट्टी’कडे येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

‘प्रॉडक्शनशी जुळवून घेत नाहीत’ म्हणजे काय झालं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण होल्ड रजिस्टर सांगतं. वर्षात अक्कांनी 6 वेळा लॉटला लाल टॅग लावला. सहाही वेळा प्रॉडक्शनवाल्यांनी वाद घातला असणार, कारण गाडी उभी असताना टॅग लावलेला कोणाला आवडतो? पुढे काय झालं तेही रजिस्टरमध्ये आहे. पाच वेळा दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजल्यावर अक्का बरोबर निघाल्या. एकदा, ऑक्टोबरमध्ये, त्या चुकल्या. ड्रॉइंगचं जुनं रिव्हिजन त्यांच्या फाइलला होतं, नवीन टॉलरन्स त्यांना ठाऊक नव्हता, आणि माल चार तास अडला.

म्हणजे तुमच्या ‘हट्टी’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. पाच वेळा दबाव असताना टॅग न काढणं, जे इन्स्पेक्टरचं कामच आहे, आणि एकदा रिव्हिजन न बघता माल अडवणं, जी चूक आहे. वाचणाऱ्या अक्कांना यातून काय कळणार? त्या पुढच्या वेळी टॅग लावायला कचरतील. तुम्हाला तेच हवंय का? चूक रिव्हिजनची होती, ती तर तशीच राहील.

स्वभावावर लिहू नका हे मी सभ्यपणासाठी म्हणत नाही. क्लुगर आणि डेनिसी या दोघा संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलेलं निघालं. त्यांनी दिलेलं कारण असं, की बोलणं जितकं कामावरून सरकून माणसाच्या ‘मी’कडे जातं तितका त्याचा उपयोग कमी होतो. आपल्या शॉपमधल्या भाषेत, ‘गेज रिंगवर लावला नव्हता’ म्हटलं की माणूस गेजकडे बघतो, ‘तू हट्टी’ म्हटलं की तो तुमच्याकडे बघतो.

आता तुम्ही पाठवलेला दुसरा रिव्ह्यू शेजारी ठेवा. दुसऱ्या शिफ्टनेही यंदा 4 लॉट होल्ड केलेत. तिथे तुम्ही लिहिलंय, ‘क्वालिटीत तडजोड करत नाही, पक्का माणूस.’ लाल टॅग तोच, वाद तोच, फक्त एक जण पक्का आणि एक हट्टी. हे वाचून तुम्हाला राग आला असेल तर मी समजू शकतो. जाणूनबुजून केलंत असं मला वाटत नाही. काही लोक सांगतात की लिहिताना मनात नाव बदलून बघावं, ‘याच्या जागी तो असता तर मी हेच लिहिलं असतं का?’ माझा त्यावर विश्वास कमी आहे. मनातल्या मनात विचारलं की उत्तर नेहमी ‘हो, हेच लिहिलं असतं’ असंच येतं. एकाच कामाच्या दोन माणसांचे लिहून झालेले कागद शेजारी ठेवायचे आणि एकाच प्रकारच्या घटनेला कुठे कोणतं विशेषण लागलंय ते पेन्सिलने गोल करायचं. कागद खोटं बोलत नाही, कारण तुम्ही तो आधीच लिहून मोकळे झालेले असता.

‘टीममध्ये मिसळत नाहीत’ हे वाक्य काढून टाका. पण काढण्याआधी ते कुठून आलं ते बघा. तुमच्या शॉपमध्ये जेवणाच्या टेबलावर मराठी चालते, सकाळची दहा मिनिटांची मीटिंग मराठीत होते, चेष्टामस्करी तर मराठीतच. अक्कांना मराठी समजते, पण तुमच्या लोकांइतकी जिभेवर नाही. मग त्या गप्प बसतात, आणि आपण म्हणतो मिसळत नाहीत, इन्व्हॉल्व्हमेंट नाही. या सीमाभागात भाषेवरून आपल्याला किती कमीपणा सोसावा लागतो हे आपण सगळे घरी बोलतो. कुठल्यातरी सरकारी काउंटरवर फॉर्म पुढे करताना आपण जसे गप्प होतो, तसंच आपल्या शॉपमध्ये कन्नड माणूस गप्प होतो. माझीच गोष्ट सांगतो. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो तिथे एका अथणीच्या फिटरला मी तीन वर्षं लागोपाठ ‘पुढाकार कमी’ लिहिलं. चौथ्या वर्षी कन्नड बोलणारा सुपरवायझर आला आणि त्याच फिटरने फिक्स्चरमध्ये दोन बदल सुचवले. ते त्याला आधीपासून ठाऊक होते. मराठीत सगळ्यांसमोर सांगायचं त्याच्या जिवावर येत होतं एवढंच.

हे शोधायची खूण अशी आहे. गप्प राहणं, न मिसळणं, उत्साह कमी दिसणं यातलं काहीही लिहिताना स्वतःला विचारा, त्यामुळे कामाचं काय अडलं? अडलं असेल तर जे अडलं ते लिहा. नसेल अडलं तर तो तुमच्या सवयीचा प्रश्न आहे, त्यांच्या कामाचा नाही. अक्कांच्या बाबतीत एक गोष्ट खरंच अडलीय, ती तुमच्याच होल्ड रजिस्टरमध्ये आहे. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने तीनदा शेरा मारलाय, ‘लॉट कशासाठी होल्ड आहे कळलं नाही.’ हीच तुमची ‘कम्युनिकेशन सुधारावं’ या वाक्यामागची गोष्ट असणार. मग तीच लिहा. यात स्वभाव नाही, शिफ्ट बदलताना चार रकाने भरायचे राहिले एवढंच आहे.

‘जास्त वेळ थांबायची तयारी नसते’ याला थोडक्यात घेतो. ओव्हरटाइमला थांबणं हे काम चांगलं की वाईट याचं माप नाही. संध्याकाळी उद्यमबागेतून बसस्टँड गाठायचा आणि तिथून बैलहोंगलची गाडी धरायची, हा त्यांचा रोजचा हिशोब आहे. येळ्ळूरचा माणूस मोटारसायकलवर पंधरा-वीस मिनिटांत घरी पोचतो, त्याला ‘थांब की तासभर’ म्हणणं सोपं आहे. तुम्ही ओव्हरटाइम किती वाजता सांगता? संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी अर्धा तास सांगत असाल तर ‘तयारी नसते’ हे तुमच्या नियोजनावर लिहिलेलं वाक्य झालं. दुपारी जेवणाआधी सांगायची पद्धत ठेवा आणि तरी अडचण राहिली तर पुढच्या वर्षी बघा. रिव्ह्यूमधून हे वाक्य जाऊ दे.

‘बाई असून’ हे दोन शब्द खोडा. तुम्ही कौतुक म्हणून लिहिलेत हे कळतं, पण ‘बाईला मशीन कळत नाही’ हे आधी मान्य केल्याशिवाय ते कौतुक होत नाही. शिवाय ‘माहिती चांगली’ हेही मोघमच आहे. तुम्ही फोनवर सांगितलंत ना, जूनमध्ये बोअरला टेपर वाढत चाललाय हे त्यांनी सलग पाच नग मोजून ओळखलं आणि ऑपरेटरला इन्सर्ट बदलायला लावला, लॉट वाचला? ते लिहा. मोघम कौतुकाला लोक भुलतात, पण नेमकं केलेलं कौतुक लक्षात राहतं, कारण पुन्हा काय करायचं ते त्यातून कळतं.

आता उद्दिष्टं. ‘पुढच्या वर्षी रिजेक्शन कमी करावं.’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे आणि पूर्ण कागदात सगळ्यात धोक्याचं हेच आहे.

इन्स्पेक्टर रिजेक्शन तयार करत नाही, पकडतो. घरातलं रिजेक्शन कमी करायला त्याच्याकडे एकच खात्रीचा मार्ग आहे, कमी पकडणं. ज्याला ‘रिजेक्शन कमी कर’ हे लेखी दिलंय आणि ज्याची पगारवाढ त्यावर आहे, तो काठावरचा नग हातात आल्यावर काय करेल? तुम्ही मार्चमध्ये बघाल, घरातला रिजेक्शनचा आकडा खाली गेलेला असेल, सगळे खूश असतील, आणि मे महिन्यात कस्टमरचा फोन येईल. उलटं, चांगला इन्स्पेक्टर आला की पहिले काही महिने घरातलं रिजेक्शन वाढतं, कारण आधी जे निसटत होतं ते आता सापडतं. म्हणून इन्स्पेक्टरकडे बघताना दोन आकडे वेगळे ठेवा, घरात पकडलेलं आणि कस्टमरने पकडलेलं. त्यातही दुसऱ्यात फक्त तेवढंच धरा जे त्याच्या गेजने पकडता आलं असतं. अक्कांच्या बाबतीत ते वर्षात एक आहे. एकाचं शून्य करा हे उद्दिष्ट म्हणून लिहिता येईल, पण त्याचा उपयोग नाही. एक कम्प्लेंट येणं न येणं यात नशिबाचाही वाटा असतो. त्याऐवजी ती एक कम्प्लेंट ज्या कारणाने आली ते कारण रोजच्या कामात बंद करा.

मी अक्कांसाठी दोनच उद्दिष्टं ठेवीन. पहिलं, शिफ्ट सुरू होताना आणि जेवणानंतर बोअर गेज सेटिंग रिंगवर तपासायचा, वाचन आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. वाचन शून्यापासून 2 मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलं असेल तर गेज पुन्हा लावायचा आणि आधी मोजलेले शेवटचे दहा नग परत तपासायचे. दुसरं, लॉट होल्ड करताना ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर टॅगवर लिहायचा, आणि शिफ्ट सोडताना होल्ड रजिस्टरचे चार रकाने भरायचे, लॉट नंबर, काय मोजलं, किती आलं, निर्णय कोणी घ्यायचा. 2 मायक्रॉन आणि दहा नग हे मी तुमच्या टॉलरन्सकडे बघून सुचवलेत, अक्कांना विचारून कमीजास्त करा. त्या रोज गेज हाताळतात, तुम्ही-मी नाही.

उद्दिष्ट करण्याजोगं आहे की नाही याची माझी कसोटी अशी. जूनमध्ये तुम्ही रजेवर आहात, अक्काही रजेवर आहेत, आणि तिसराच माणूस फक्त रजिस्टर उघडून सांगू शकतो का, हे झालं की नाही? वरची दोन्ही या कसोटीला उतरतात. ‘कम्युनिकेशन सुधारावं’ उतरत नाही. ‘इन्व्हॉल्व्हमेंट वाढवावी’ तर अजिबातच नाही.

आणि उद्दिष्टाखाली कंपनीने काय द्यायचं तेही लिहा, नाही तर ते एकतर्फी राहतं. तुमच्याकडे 32 ची सेटिंग रिंग एकच आहे आणि ती टूल रूमच्या कपाटात कुलपात असते असं तुम्ही सांगितलंत. मग शिफ्टच्या सुरुवातीला गेज रिंगवर न तपासण्याचं अर्धं कारण त्या कपाटाची किल्ली आहे. रिंग इन्स्पेक्शन टेबलावर आली पाहिजे. जुनी ड्रॉइंग फाइलमधून कोण काढणार त्याचं नाव ठरलं पाहिजे, ते काम इन्स्पेक्टरचं नाही. हे 30 एप्रिलच्या आत होत नसेल तर अक्कांची उद्दिष्टं त्या तारखेपासून धरू नका.

रेटिंगवर फार बोलत नाही. फक्त आकडा शेवटी लिहा, आधी नाही. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवलं होतं की सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना गुण देताना बुद्धी, शरीर, नेतृत्व, चारित्र्य हे सगळे गुण जवळजवळ एकाच पट्टीत देतात, एक चांगला वाटला की सगळं चांगलं. आकडा आधी ठरला की वाक्यं त्याच्या मागे पळतात. तुमच्या कागदात मला 3 आधी दिसतो आणि मग त्याला शोभणारी वाक्यं दिसतात. खालचा मजकूर लिहून झाल्यावर दोघांचे आकडे पुन्हा ठरवा, ते काय येतील ते मी सांगणार नाही.

मजकूर साधारण असा होईल, घटना तुमच्या रजिस्टरमधल्या आहेत, तारखा तुम्ही भरा:

“जूनमध्ये बोअरचा टेपर वाढतोय हे सलग पाच नग मोजून ओळखलं आणि वेळेत इन्सर्ट बदलून घेतला, लॉट वाचला. वर्षात 6 लॉट होल्ड केले, त्यातले 5 फेरमोजणीत बरोबर ठरले. घाईच्या वेळीही टॅग काढला नाही, हे तसंच चालू ठेवावं. ऑक्टोबरमध्ये एक लॉट जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवरून होल्ड झाला आणि माल चार तास अडला. जुनी ड्रॉइंग फाइलला राहणं ही कंपनीची चूक, होल्ड करण्याआधी रिव्हिजन बघणं हे इन्स्पेक्टरचं काम. बोअर साइजची एक कस्टमर कम्प्लेंट यांच्या तपासणीतली आहे, शिफ्टच्या सुरुवातीला गेज सेटिंग रिंगवर तपासला नव्हता. होल्डचं कारण पुढच्या शिफ्टला न कळल्याच्या तीन नोंदी आहेत.” त्याखाली वरची दोन उद्दिष्टं, कंपनीने द्यायच्या गोष्टी, आणि बघायच्या तारखा, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीचा पहिला आठवडा.

हा मजकूर तुमच्या आधीच्या कागदापेक्षा मऊ आहे असं मालक म्हणतील. तो मऊ नाही. आधीच्या कागदात अक्कांनी केलेली एकही चूक नेमकी लिहिलेली नव्हती, यात तीन आहेत. मालकांना तसंच दाखवा.

देताना कागद कन्नडमध्येही करून घ्या आणि दोन्ही प्रती पुढे ठेवा. सही घ्यायच्या ओळीवर ‘मान्य’ असं छापलेलं असेल तर ते बदलून ‘वाचलं, प्रत मिळाली’ करा. मान्य नसलेल्या माणसाकडून मान्यतेची सही घेतली की पुढे त्या सहीला काडीचाही अर्थ राहत नाही. खाली चार ओळी त्यांच्या म्हणण्यासाठी मोकळ्या सोडा, कन्नडमध्ये लिहिलं तरी चालेल असं स्वतः सांगा. सही त्याच वेळी मागू नका, घरी नेऊ द्या, दोन दिवसांनी घ्या. पहिल्या दिवशी बहुतेक माणसं काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी रिंगच्या कपाटाबद्दल बोलतील.

आणि दुसऱ्या शिफ्टचा कागदही परत घ्या. ‘पक्का माणूस’ हे ‘हट्टी’इतकंच मोघम आहे, फक्त ऐकायला गोड. त्याचे 4 होल्ड फेरमोजणीत किती बरोबर निघाले ते रजिस्टरमध्ये भरलेलंच नाही. आधी तो रकाना भरून घ्या, मग त्याला लिहा.